आईची फॅमिली पेन्शन: वजावट 75 हजार की 25 हजार?

रानजाई | 9 ऑगस्ट 2025, रात्री 10:42

बाबा केंद्र सरकारी नोकरीतून निवृत्त झाले होते. 2021 मध्ये गेले. आई 67 वर्षांची आहे, तिने कधी नोकरी केली नाही. बाबांच्या जागी तिला फॅमिली पेन्शन मिळते, महिन्याला साधारण 44 हजार. बाबांच्या ग्रॅच्युइटीतून वगैरे केलेल्या एफडी आहेत, त्यांचे व्याज येते.

रिटर्न आमच्या सोसायटीतले एक गृहस्थ भरून देतात. जुलैत त्यांनी यंदाचे भरलेसुद्धा, नवीन पद्धतीने. आज सहज पीडीएफ उघडून बघितली तर आईची पेन्शन पगाराच्या रकान्यात दिसली आणि खाली 75,000 स्टँडर्ड डिडक्शन. माझ्या ऑफिसमधली मैत्रीण म्हणाली, फॅमिली पेन्शनला एवढी वजावट नसते. त्या गृहस्थांना फोन केला तर म्हणाले, "ताई, बँकेनेच फॉर्म 16 दिलाय, त्यात 75 हजार छापलेत. बँक खोटं लिहील का?"

आकडे (2024-25 चे):
पेन्शन 5,28,000
एफडीचे व्याज 1,96,000
बचत खात्याचे व्याज 6,000
बँकेने व्याजावर कापलेला टीडीएस 19,600

रिटर्नमध्ये कर शून्य दाखवून पूर्ण 19,600 परत मागितले आहेत. परतावा अजून आलेला नाही. हे बरोबर आहे का? आईला उगाच नोटीस वगैरे आली तर ती घाबरून आजारी पडेल, म्हणून विचारते.

---

घाटवाट | 9 ऑगस्ट, रात्री 11:05

काळजी करू नका. पेन्शन म्हणजे पगारच. गेल्या वर्षीच्या बजेटमध्ये निर्मला सीतारामन यांनी पेन्शनरांसाठी स्टँडर्ड डिडक्शन 50 चे 75 हजार केले, टीव्हीवर मी स्वतः ऐकले आहे. माझ्या वडिलांच्या रिटर्नमध्येही 75 हजारच घेतले. तुमचे गृहस्थ बरोबर आहेत.

---

निवृत्त_लेखापाल | 10 ऑगस्ट, सकाळी 6:20

घाटवाट, तुमचे वडील हयात आहेत आणि स्वतःच्या नोकरीची पेन्शन घेतात. त्यांना 75 हजार बरोबर आहेत. रानजाईंच्या आईंची गोष्ट वेगळी आहे.

त्या भाषणात (23 जुलै 2024) दोन्ही आकडे लागोपाठ होते. पगारदारांचे 50 चे 75 हजार आणि फॅमिली पेन्शनचे 15 चे 25 हजार. लोकांनी पहिला ऐकला आणि चहा प्यायला उठले.

फरक का, ते सांगतो, मग आकडे पाठ करावे लागत नाहीत. पगार हे शीर्षक लागायला मालक आणि नोकर असे नाते लागते. बाबांचे त्यांच्या खात्याशी ते नाते होते, म्हणून निवृत्तीनंतरची त्यांची पेन्शनही पगारातच धरली जायची. आईंनी त्या खात्यात एक दिवसही नोकरी केलेली नाही. त्यांना मिळते ती रक्कम बाबा गेले म्हणून मिळते. म्हणून कायदा ती 'इतर उत्पन्ना'त टाकतो, एफडीच्या व्याजाच्या शेजारी. पगारातली स्टँडर्ड डिडक्शन तिथे पोहोचतच नाही. तिच्या जागी कलम 57 मध्ये स्वतंत्र वजावट आहे: पेन्शनचा एक तृतीयांश किंवा ठरावीक रक्कम, यातले जे कमी ते. ठरावीक रक्कम नव्या पद्धतीत 25,000, जुन्या पद्धतीत अजून 15,000च.

वर्षाला 75 हजारांपेक्षा जास्त फॅमिली पेन्शन असली की तृतीयांशाचा हिशोब करण्यात अर्थ नाही, 25 हजारच येणार.

आता तुमचे आकडे. तिन्ही मिळून 7,30,000. त्यातून 25,000 गेले की 7,05,000. आणि इथेच गंमत आहे. 2024-25 साली नव्या पद्धतीत 7 लाखांपर्यंत कर माफ होता. तुमच्या गृहस्थांनी 75 हजार वजा केल्यामुळे उत्पन्न 6,55,000 दिसले आणि कर शून्य झाला. खरे उत्पन्न 5 हजारांनी रेषेच्या पलीकडे आहे.

---

रानजाई | 10 ऑगस्ट, सकाळी 7:15

बापरे. म्हणजे फक्त 5 हजार जास्त झाल्यामुळे पूर्ण कर लागणार? 7,05,000 वर माझ्या हिशोबाने 20,500 येतात. टीडीएस कापला आहे त्यापेक्षाही जास्त.

---

निवृत्त_लेखापाल | 10 ऑगस्ट, सकाळी 8:02

20,500 बरोबर काढलेत, पण तेवढे भरावे लागत नाहीत. रेषा थोडक्यात ओलांडणाऱ्याला सवलत आहे: रेषेच्या वर जेवढे उत्पन्न, त्यापेक्षा जास्त कर घेत नाहीत. तुमचे वर 5,000, म्हणून कर 5,000. त्यावर 4 टक्के सेस 200. एकूण 5,200. हे हाताने करायचे नाही, पोर्टल आपोआप करते. `Rebate u/s 87A` समोर 15,500 दिसले तर समजा बरोबर झाले.

टीडीएस 19,600 वजा 5,200, म्हणजे खरा परतावा 14,400. तुमच्या रिटर्नने 5,200 जास्त मागितले आहेत. चूक एवढीच आहे, आईंना घाबरवू नका.

रिटर्न अजून प्रोसेस झाले नसेल तर सुधारित रिटर्न आत्ताच भरून टाका. मुदत 31 डिसेंबरपर्यंत आहे, पण जादा परतावा खात्यात येऊन मग परत करण्यापेक्षा आधी भरलेले बरे. आयटीआर-1 मध्ये पगार कोरा करा. `Income from Other Sources` मध्ये ड्रॉपडाऊनमधून `Family Pension` निवडा, 5,28,000 टाका. त्याखाली `57(iia)` ची ओळ आहे, तिथे 25,000 दिसायला हवेत. व्याजाच्या दोन्ही रकमा वेगवेगळ्या ओळींत.

---

बारामतीकर | 10 ऑगस्ट, सकाळी 9:30

जुनी पद्धत घेऊन बघितली का? ज्येष्ठांना व्याजावर 50 हजारांची सूट तिथेच मिळते. आमच्या आजीचे आम्ही जुन्यातच भरतो, काही कर लागत नाही.

---

रानजाई | 10 ऑगस्ट, सकाळी 9:58

बघितले. 15 हजार आणि 50 हजार वजा केले तरी 6,65,000 उरतात. तिथे 5 लाखांच्या आत यायला हवे ना? आईची ना पीपीएफ, ना मेडिक्लेम. कर 44,720 येतो आहे. नको ते जुने.

---

बारामतीकर | 10 ऑगस्ट, सकाळी 10:10

हो, आजीचे उत्पन्नच 4 लाखांच्या आसपास आहे. माझे म्हणणे मागे.

---

पळसफुले | 10 ऑगस्ट, दुपारी 2:40

मी स्वतः या परिस्थितीत आहे म्हणून लिहिते. जिल्हा परिषदेच्या शाळेत 31 वर्षे शिक्षिका होते, माझी स्वतःची पेन्शन आहे. यजमान पाटबंधारे खात्यात होते, ते गेल्यावर त्यांची फॅमिली पेन्शनही येते. माझी वर्षाला 4,80,000 आणि त्यांची 2,40,000. दोन्ही एकाच बँकेत, एकाच खात्यात. आजवर मी दोन्हींची बेरीज करून एकच आकडा पगारात लिहीत आले आणि त्यावर एकदा वजावट घेत आले. वरचे वाचून वाटते, माझेही चुकलेच की काय?

---

निवृत्त_लेखापाल | 10 ऑगस्ट, दुपारी 4:15

बाई, तुमचे चुकले, पण तुमच्या विरुद्ध चुकले. तुमची स्वतःची 4,80,000 पगारात, तिथे 75,000 पूर्ण. यजमानांची 2,40,000 इतर उत्पन्नात, तिथे 25,000 वेगळे. दोन्ही वजावटी एकाच वर्षी मिळतात, त्या एकमेकींना खात नाहीत. 4,05,000 अधिक 2,15,000 म्हणजे 6,20,000. तुम्ही 6,45,000 दाखवत होतात. 7 लाखांच्या आत असल्याने 2024-25 ला तुमच्या खिशाला फरक पडणार नाही, पण एफडी वाढल्या की पडेल.

---

पळसफुले | 10 ऑगस्ट, दुपारी 4:31

एवढी वर्षे मुलांना हातचा धरायला शिकवले आणि स्वतःचा विसरले. आभारी आहे.

---

साधी_सुधी | 10 ऑगस्ट, सायंकाळी 6:05

माझ्या मावशीला संजय गांधी निराधार योजनेतून विधवा म्हणून महिना 1500 मिळतात. तिनेपण रिटर्न भरायचे का? तिच्याकडे पॅन कार्डसुद्धा नाही.

---

घाटवाट | 10 ऑगस्ट, सायंकाळी 6:20

ते वेगळे हो ताई, ते सरकारी अनुदान आहे, नोकरीतून आलेली फॅमिली पेन्शन नव्हे. वर्षाला 18 हजारांवर कसला कर. मावशींना निवांत राहू द्या.

(काल रात्रीच्या माझ्या प्रतिसादाबद्दल क्षमस्व. वडिलांचे आणि रानजाईंच्या आईंचे एकच समजलो.)

---

कोरा_चेक | 10 ऑगस्ट, रात्री 9:12

बहिणीचे विचारतो. वय 41. मेव्हणे नोकरीत असतानाच गेले. तिला अनुकंपा तत्त्वावर त्याच कार्यालयात नोकरी लागली आणि फॅमिली पेन्शनही आहे. ऑफिस पगारावर टीडीएस कापते, पेन्शनवर कुणीच काही कापत नाही. आम्हाला वाटले पेन्शन करमुक्त आहे. मार्चनंतर हिशोब केला तर चांगलाच कर निघाला, शिवाय त्यावर व्याजही.

---

निवृत्त_लेखापाल | 11 ऑगस्ट, सकाळी 6:10

हे फार घरांत होते. फॅमिली पेन्शन पगार नाही, म्हणून पगाराचा टीडीएस तिच्यावर लागू नाही. टीडीएस नाही म्हणजे कर नाही असा समज होतो. पण ती पगारावर चढून बसते आणि बहिणीच्या सगळ्यात वरच्या स्लॅबने तिच्यावर कर लागतो.

व्याज लागले ते आगाऊ कर न भरल्याचे. वर्षाअखेर देणे 10 हजारांच्या वर जात असेल तर जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्च अशा चार हप्त्यांत भरावा लागतो. साठीपुढच्या, धंद्याचे उत्पन्न नसलेल्या माणसाला यातून सूट आहे, म्हणून रानजाईंच्या आईंना हा प्रश्न नाही. बहीण 41 ची आहे, तिला आहे.

सोपा उपाय: एप्रिलमध्येच ऑफिसला लेखी कळवायचे की माझे इतके इतर उत्पन्न आहे, ते धरून माझ्या पगारातून टीडीएस कापा. मग दर महिन्याला थोडे थोडे जाते आणि मार्चला धक्का बसत नाही. त्या पत्रात पेन्शनचा आकडा 25 हजार वजा करून लिहा.

---

मोगरी | 11 ऑगस्ट, सकाळी 11:48

आमच्याकडे थकबाकीचा घोळ आहे. सासरे फेब्रुवारी 2023 मध्ये गेले. कागदपत्रांत नावाचे स्पेलिंग जुळत नव्हते, त्यामुळे सासूबाईंची पेन्शन ऑगस्ट 2024 ला सुरू झाली आणि मागचे सगळे पैसे एकदम जमा झाले. दीड वर्षाची रक्कम एकाच वर्षात आल्यामुळे कर दिसतो आहे. 25 हजारांची वजावट प्रत्येक वर्षासाठी वेगळी घेता येईल का?

---

निवृत्त_लेखापाल | 11 ऑगस्ट, दुपारी 1:20

वजावट ज्या वर्षी पैसे आले त्या वर्षात, एकदाच. पण थकबाकीमुळे वाढलेला कर कमी करण्याची सोय आहे. पगाराच्या थकबाकीला कलम 89 ची जी सवलत मिळते, ती फॅमिली पेन्शनच्या थकबाकीलाही मिळते. कोणत्या वर्षाचे किती पैसे ते बँकेकडून किंवा कोषागारातून लिहून घ्या. मग पोर्टलवर फॉर्म 10ई भरा. तो रिटर्नच्या आधी भरायचा. राहून गेला तर रिटर्नमध्ये मागितलेली सवलत नाकारली जाते आणि माणूस म्हणतो, कायद्यात आहे पण देत नाहीत.

एक तपासा. सासरे गेल्याचे बँकेला उशिरा कळले असेल तर एकदोन महिने त्यांचीच पूर्ण पेन्शन जमा झालेली असते, आणि नंतर बँक ती या थकबाकीतून वळती करते. पासबुकात नुसता निव्वळ आकडा दिसतो. वर्षवार तक्ता हातात आल्याशिवाय हिशोब करू नका.

---

मोगरी | 11 ऑगस्ट, दुपारी 1:34

अगदी असेच झाले आहे! दोन महिन्यांचे वळते केले. आज बँकेत जाते.

---

सह्याद्रीचा_वारा | 11 ऑगस्ट, रात्री 8:50

एसटीतल्या विधवांचे काय? माझे काका कंडक्टर होते. काकूंना प्रॉव्हिडंट फंडाच्या कार्यालयाकडून ईपीएस 95 ची पेन्शन येते, हजार-बाराशे. ही फॅमिली पेन्शनच ना?

---

बारामतीकर | 11 ऑगस्ट, रात्री 9:15

नावाला हो. आमचे सीए तशीच दाखवतात आणि तृतीयांश वजा करतात. हजार रुपये महिना धरले तर वर्षाचे 12 हजार, त्याचा तृतीयांश 4 हजार. इथे तो तृतीयांश कामी येतो.

---

निवृत्त_लेखापाल | 11 ऑगस्ट, रात्री 9:40

मला इतके सरळ वाटत नाही. कायद्यातली व्याख्या आहे: कर्मचाऱ्याच्या मृत्यूनंतर त्याच्या कुटुंबातल्या व्यक्तीला *मालकाने* दरमहा द्यायची नियमित रक्कम. ईपीएसचे पैसे मालक देत नाही, फंड देतो. काही जण म्हणतात, फंडात मालकाचाच वाटा गेला आहे, म्हणून चालते. मी स्वतः वजावट घेईन, पण कुणी आक्षेप घेतला तर तो निराधार आहे असे म्हणणार नाही. काकूंचे एकूण उत्पन्नच करपात्र नसेल तर हा वाद आपल्यासाठी कोरडाच.

नवऱ्याने एलआयसीची वार्षिकी घेतली होती आणि तो गेल्यावर ती बायकोला सुरू झाली, तिथे मात्र मला शंका नाही. ती विमा कंपनीकडून येते, मालकाकडून नव्हे. इतर उत्पन्नात दाखवायची, 25 हजार मागायचे नाहीत.

---

कोरा_चेक | 11 ऑगस्ट, रात्री 10:02

आणि सैनिकांच्या पत्नींचे? आमच्या गावात एक वीरपत्नी आहेत. त्यांचेही रिटर्न असेच भरतात का?

---

निवृत्त_लेखापाल | 12 ऑगस्ट, सकाळी 6:05

कर्तव्यावर, कारवाईत मृत्यू आला असेल तर पत्नीची फॅमिली पेन्शन पूर्ण करमुक्त आहे, कलम 10(19). परमवीर, महावीर किंवा वीरचक्र मिळालेल्यांच्या कुटुंबाच्या पेन्शनलाही माफी आहे. पण निवृत्त होऊन घरी आजारपणात वारलेल्या सैनिकाच्या पत्नीला, असे पदक नसेल तर, रानजाईंच्या आईंचाच नियम. मृत्यू कोणत्या परिस्थितीत झाला ते त्यांच्या पेन्शनच्या कागदपत्रांत असते, ते बघून ठरवा.

---

रानजाई | 12 ऑगस्ट, रात्री 10:20

अपडेट देते. काल रात्री सुधारित रिटर्न भरले. 57 च्या ओळीत 25,000 आले, 87A समोर 15,500 दिसले, परतावा 14,400. पै न पै तुम्ही सांगितल्याप्रमाणे. ओटीपी आईच्या मोबाइलवर आला. ती मोठ्याने वाचत होती आणि दोनदा चष्मा बदलला, तोवर एक ओटीपी संपला.

आता दोन शंका उरल्या. पहिली, बँकेने पेन्शन पगार म्हणून कळवल्याने एआयएसमध्ये, म्हणजे आयकर खात्याच्या वार्षिक माहितीपत्रकात, ती पगारातच दिसते. माझे रिटर्न त्याच्याशी जुळणार नाही.

दुसरी, 2023-24 लाही त्याच गृहस्थांनी पगारातच दाखवून 50 हजार घेतले होते. तेव्हा पेन्शन 5,04,000 आणि व्याज 1,62,000 होते. त्याचे काय करू?

---

निवृत्त_लेखापाल | 13 ऑगस्ट, सकाळी 6:30

पहिली. एआयएसमध्ये त्या नोंदीवर अभिप्राय देता येतो, तिथे ही फॅमिली पेन्शन आहे असे नोंदवा. पीपीओची, म्हणजे पेन्शनच्या आदेशाची, प्रत काढून ठेवा. त्यावर पेन्शनरचे नाव बाबांचे आणि कुटुंब निवृत्तिवेतनधारक म्हणून आईंचे नाव असते. विचारणा झालीच तर तो एक कागद पुरतो. आणि बँकेला लेखी कळवा, नाहीतर पुढच्या जूनमध्ये पुन्हा हाच फॉर्म 16 छापून येईल.

दुसरी. 2023-24 ला फॅमिली पेन्शनची वजावट 15 हजार होती. 6,66,000 मधून 15 हजार गेले की 6,51,000. 7 लाखांच्या आत, कर शून्य. चुकीने भरले तेव्हाही शून्यच. सुधारित रिटर्नची मुदत गेली. उरते अपडेटेड रिटर्न, पण कर वाढत नसेल तर ते भरताच येत नाही. मी तसेच ठेवीन.

---

बारामतीकर | 13 ऑगस्ट, सकाळी 9:05

इथे मी असहमत. शीर्षक चुकले ते चुकलेच. आमचे सीए म्हणतात, निदान एक पत्र लिहून फाइलला लावून ठेवा की चूक लक्षात आली आणि करात फरक नाही.

---

निवृत्त_लेखापाल | 13 ऑगस्ट, सकाळी 9:40

लावा की. कागदाला पैसे पडत नाहीत. पण आपणहून कुणाला पाठवू नका.

रानजाई, एक राहिले. एप्रिल 2025 पासून माफीची रेषा 12 लाखांवर गेली आहे. या वर्षी आईंचे उत्पन्न एवढेच राहिले तर कर शून्य. तरी ज्येष्ठांच्या व्याजावर वर्षाला 1 लाखाच्या पुढे बँक टीडीएस कापेलच, आणि तुमचे व्याज जवळपास 2 लाख आहे. तो कापू नये म्हणून एफडी ज्या ज्या बँकेत आहेत तिथे फॉर्म 15एच देऊन या.

---

रानजाई | 13 ऑगस्ट, दुपारी 12:15

दोन बँका आहेत. शुक्रवारी 15 ऑगस्टची सुट्टी, म्हणून उद्याच आईला घेऊन जाते. सोसायटीतल्या गृहस्थांना सांगितले सगळे. म्हणाले, "अजून चार जणींचं मी असंच भरलंय." आता ते त्या चौघींकडे चालले आहेत.